पहिल्या नोकरीचे आयकर विवरणपत्र

पगारदार व्यक्तीने आर्थिक वर्षातील आपले सर्व उत्पन्न, त्यावरचा कर आणि आधीच कापला गेलेला कर यांचा हिशेब आयकर खात्याला सादर करण्याच्या पत्रकास आयकर विवरणपत्र म्हणतात. पहिल्याच वर्षी बहुतेकांचा गोंधळ एका ठिकाणी होतो: कर शून्य आहे, तर विवरणपत्र कशाला? आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही; पण हे उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की विवरणपत्र भरावेच लागते. सवलत मिळते ती कर मोजून झाल्यावर, आणि हे मोजणे विवरणपत्रातच होते.

नागपूरच्या मिहानमधील एका कंपनीत १ जुलै २०२५ रोजी रुजू झालेल्या मुलीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. ढोबळ वेतन महिना ६०,००० रुपये, म्हणजे मार्चअखेर नऊ महिन्यांचे ५,४०,०००. आजोबांनी तिच्या नावे ठेवलेल्या एफडीवर वर्षभरात ६२,००० रुपये व्याज जमले आणि बँकेने त्यातून १० टक्क्यांप्रमाणे ६,२०० रुपये टीडीएस कापला. बचत खात्याचे व्याज १,८०० रुपये.

पहिली पायरी कागद गोळा करण्याची. कंपनीने कर कापला असेल तर वेतनाचा आणि कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे फॉर्म १६, साधारण जूनच्या मध्यापर्यंत मिळतो. या मुलीच्या पगारातून काहीच कापले गेले नाही, त्यामुळे तो देण्याचे बंधन कंपनीवर नाही. अशा वेळी पगाराच्या पावत्यांवरून बेरीज करावी. ती करताना बँकेत जमा झालेली रक्कम धरू नये. पीएफ आणि व्यवसायकर वजा होऊन पगार हातात येतो, पण नव्या प्रणालीत या दोन्हींची वजावट मिळत नसल्याने ढोबळ वेतनच धरायचे.

दुसऱ्या पायरीला incometax.gov.in वर पॅन क्रमांकाने नोंदणी करून आपल्या नावे कापलेला कर दाखवणारा फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती पत्रक, म्हणजे एआयएस, उतरवून घ्यावे. एआयएसच्या पीडीएफला पासवर्ड लागतो: छोट्या अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, मध्ये मोकळी जागा नाही.

```
abcde1234f05112002
```

एफडीचे व्याज लक्षात येते ते इथे. एफडी मुदत संपून पिकलेली नसली तरी बँक साठत जाणाऱ्या व्याजावर कर कापते, त्यामुळे ‘मला व्याज मिळालेच नाही’ अशी समजूत सहज होते. हे व्याज सोडून फक्त कापलेल्या कराचा परतावा मागितला, तर विसंगती संगणकाच्या लगेच लक्षात येते.

तिसरी पायरी फॉर्म निवडण्याची. पगार आणि व्याज एवढेच उत्पन्न असेल तर आयटीआर-१, अर्थात ‘सहज’, पुरतो. मात्र शेअर घेऊन वर्षाच्या आत नफ्यात विकले असतील तर आयटीआर-२ लागतो, आणि त्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला वरची सवलत लागू होत नाही. ट्रेडिंग ॲपवर हौसेने दोन-चार व्यवहार केलेल्यांनी हे आधी पाहावे.

आता हिशेब. वेतन ५,४०,००० मधून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेली की ४,६५,००० उरतात. ही वजावट वर्षाचे नऊच महिने काम केले तरी पूर्ण मिळते. त्यात दोन्ही व्याजे मिळवून करपात्र उत्पन्न ५,२८,८०० होते. ४ लाखांवरच्या १,२८,८०० रुपयांवर ५ टक्क्यांनी ६,४४० रुपये कर येतो आणि तेवढीच सवलत मिळून तो शून्य होतो. बँकेने कापलेले ६,२०० रुपये परत मिळायला हवेत.

परतावा ज्या खात्यात हवा ते पोर्टलवर आधी प्रमाणित करून घ्यावे. पॅनवर आणि बँकेत नावाचे स्पेलिंग वेगळे असले की गाडी इथेच अडते.

विवरणपत्र सादर केले की काम संपले असे वाटते, पण पडताळणी राहिलेली असते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी टाकून ती दोन मिनिटांत होते; ३० दिवसांत झाली नाही, तर उशिरा केलेल्या पडताळणीची तारीख हीच सादर केल्याची तारीख धरली जाते. लेखापरीक्षण नसलेल्या पगारदारांसाठी नेहमीची मुदत ३१ जुलै आहे. ती चुकली आणि करपात्र उत्पन्न ५ लाखांहून अधिक असेल तर ५,००० रुपये विलंब शुल्क पडते; म्हणजे या मुलीच्या ६,२०० रुपयांतले हाती उरतील १,२००.

छाननी सिव्हिल लाइन्समधल्या आयकर कार्यालयात नव्हे, तर बेंगळुरूच्या केंद्रात संगणकावर होते आणि कलम १४३(१) खालील सूचनापत्र ईमेलने येते. त्यात दोन स्तंभ असतात, एकात आपण भरलेले आकडे आणि दुसऱ्यात खात्याने काढलेले. टीडीएसच्या ओळीत दोन्हीकडे ६,२०० दिसले आणि एकूण उत्पन्नही जुळले, तर परतावा पूर्ण मंजूर झाला आहे असे समजावे.