ब्रेकवर पडलेला बॉल कुणाचा? एट-बॉलच्या नियमांची पार्श्वभूमी

मुंबईच्या पूल पार्लरमध्ये एट-बॉलवरून जे वाद होतात, त्यातले बरेचसे ब्रेकनंतर, म्हणजे पहिल्या फटक्याने बॉलचा त्रिकोण फोडल्यावर, मिनिटभरातच सुरू होतात. ब्रेकवर एक स्ट्राइप, म्हणजे पट्ट्याचा बॉल, पॉकेटमध्ये पडला, तर ब्रेक करणारा स्ट्राइपवाला झाला का? स्पर्धेचे नियम ‘नाही’ म्हणतात. पार्लरमध्ये बहुतेक जण ‘अर्थात झाला’ म्हणतात. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे अशी पद्धत असल्यामुळे हा प्रश्न नुसता तात्त्विक राहत नाही.

एट-बॉल अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आला. १९०८ च्या सुमारास तो सात लाल, सात पिवळे आणि एक काळा अशा बॉलवर खेळला जाई. १९२५ पर्यंत तो इतका रुळला की त्याच्यासाठी खास संच विक्रीला आले. पुढे पुलाच्या इतर प्रकारांत चालणारे १ ते १५ आकड्यांचे बॉलच इथेही सर्रास वापरले जाऊ लागले. १ ते ७ एकरंगी सॉलिड, ९ ते १५ स्ट्राइप आणि मधला ८ काळा. प्रत्येकाने आपला एक गट संपवायचा आणि मग ८ घालायचा. ब्रिटनच्या पबमध्ये लाल-पिवळ्यांचा प्रकार लहान टेबलावर अजूनही चालतो. त्याचे नियम वेगळे आहेत आणि दोन्हींची सरमिसळ ही आपल्याकडची जुनी डोकेदुखी आहे.

मुंबईत हे सगळे उशिरा पोचले. इथे क्यू हातात घेणारा माणूस स्नूकर नाहीतर बिलियर्ड्स खेळायचा, तोही बहुधा जिमखान्याचा सदस्य असेल तर. स्नूकर तर १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीतच जन्मला. १९९० नंतर बोलिंग, व्हिडिओ गेम यांच्याबरोबर पूल टेबले आली, कॉलेजची पोरे तासाच्या भाड्याने खेळू लागली, आणि टेबलाशेजारी उभे राहून शिकवणारे बहुतेक स्नूकरवाले होते. त्यामुळे नियमही त्यांच्या सवयीचे झाले. एका डावाला ‘फ्रेम’ म्हणणे तिथले. पॉकेट आधी सांगायचे नाही, फ्लूक पडला तरी चालतो, ही सवयही तिथलीच वाटते. स्नूकरमध्ये रंग सांगावा लागतो, पॉकेट नाही. क्यूने मारायचा सफेद बॉल पॉकेटमध्ये गेला की तो ‘डी’मधूनच, म्हणजे टेबलाच्या एका टोकाकडे आखलेल्या अर्धवर्तुळातूनच खेळायचा, हेही तिथले. अमेरिकन पूल टेबलावर ‘डी’ आखलेलाच नसतो, तरी पोरे अंदाजाने सफेद तिथेच ठेवत. स्पर्धेत मात्र फ्रेम सुरू झाल्यावर फाउल झाला की समोरच्याला ‘बॉल इन हँड’ मिळतो, म्हणजे सफेद टेबलावर हवा तिथे ठेवता येतो. हा फरक लहान नाही. ‘डी’मधून खेळताना फाउल थोडक्यात सुटतो, बॉल इन हँडमध्ये तो बहुतेक वेळा फ्रेमच घेऊन जातो.

आता मूळ वाद. ब्रेक कायदेशीर व्हायचा तर एखादा बॉल पडायला हवा, नाहीतर सफेद सोडून निदान चार बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, लागायला हवेत. हलकासा धक्का मारून रॅक, म्हणजे त्रिकोणात लावलेले बॉल, तसाच ठेवण्याची पळवाट बंद करण्यासाठी ही अट आहे. ती पाळली गेली नाही तर समोरचा आहे त्या टेबलावर खेळू शकतो, किंवा पुन्हा रॅक लावून स्वतः ब्रेक करू शकतो, किंवा पहिल्यालाच परत ब्रेक करायला लावू शकतो.

समजा ब्रेक नीट झाला आणि ११ व १४ पडले. सॉलिड एकही नाही. आता पाच स्ट्राइप आणि सात सॉलिड उरले. पार्लरच्या हिशोबाने ब्रेक करणारा स्ट्राइपवाला, वर दोन बॉल पुढे. पण टेबल बघा. ९ आणि १५ एकमेकांना चिकटून लांब कुशनला टेकलेत, काळा ८ त्यांच्या तोंडाशी आहे. सॉलिड सातही मोकळे, तीन तर पॉकेटच्या समोर. स्ट्राइप घेतले तर तिसऱ्या-चौथ्या शॉटला त्या गुंत्यापाशी अडकणार. तो फोडायला गेलो तर काळा कुठे जाईल सांगता येत नाही, आणि वेळेआधी काळा पडला की फ्रेम गेली. स्पर्धेच्या नियमात इथे टेबल ‘ओपन’ असते. ब्रेकवर काय पडले याचा गटाशी संबंध नाही. ब्रेकनंतर जो पहिला बॉल सरळ, कायदेशीर शॉटवर पडेल, त्यावर गट ठरतो. जाणकार खेळाडू इथे सॉलिड घेईल, बॉल दोन जास्त असले तरी. आकडा बघून गट घेणारा सहसा स्ट्राइपमध्ये फसतो.

माझे मत ओपन टेबलच्या बाजूचे आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ब्रेकमध्ये कुठला बॉल पडेल हे कुणाच्याच हातात नसते. त्यावर पूर्ण फ्रेमचा गट बांधणे म्हणजे नाणेफेक जिंकलेल्याला फलंदाजी सक्तीची करण्यासारखे आहे. दुसरी बाजूही पोकळ नाही. ‘पडला तो आपला’ हा नियम नवख्याला एका वाक्यात समजतो, आणि बाहेर चार जण टेबलाची वाट बघत असतील तेव्हा कोणी टेबल न्याहाळत उभे राहिलेले काउंटरवाल्याला आवडत नाही. दोन्ही गटांचा एकेक बॉल पडला तर मात्र या नियमाची पंचाईत होते, आणि मग पार्लरवालेही निमूटपणे निवड खेळाडूवर सोडतात.

गट ठरल्यावरचा नियम सोपा वाटतो, पण अर्धाच लक्षात राहतो. सफेद पहिल्यांदा आपल्याच गटाच्या बॉलला लागला पाहिजे, हे सगळ्यांना पाठ असते. त्यानंतर एखादा बॉल पडला पाहिजे किंवा कुठलाही एक बॉल कुशनला लागला पाहिजे, हे विसरले जाते. आपला बॉल हलकेच स्पर्शून सफेद तिथेच थांबला, काही पडले नाही, कशानेही कुशन गाठली नाही, तर तो फाउल. समोरच्याच्या नजरेतून हा सुटतो, कारण सगळ्यांचे लक्ष सफेद कशाला लागला याकडे असते, त्यानंतर काय घडले याकडे नाही.

ब्रेकवर ८ पडला तर? अमेरिकेतल्या काही लीगमध्ये तो थेट विजय असतो. आंतरराष्ट्रीय नियमात फाउल नसेल तर ब्रेक करणारा ८ पुन्हा जागेवर ठेवून खेळतो किंवा नव्याने ब्रेक घेतो. मुंबईत हे पार्लरगणिक बदलते. विचारून घेतलेले बरे.

शेवटचा घोळ फ्रेम संपताना होतो. आपले सगळे बॉल संपल्यावर ८ सांगितलेल्या पॉकेटमध्ये पडला की जिंकले. दुसऱ्याच पॉकेटमध्ये गेला, टेबलाबाहेर उडाला, आपल्या शेवटच्या बॉलबरोबर एकाच शॉटवर पडला किंवा पडताना सफेदही आत गेला, तर हरले. पण ८ चुकला आणि फक्त सफेद आत गेला तर? स्पर्धेत तो नुसता फाउल आहे, समोरच्याला बॉल इन हँड मिळतो आणि फ्रेम पुढे चालते. पार्लरमध्ये त्यालाही बऱ्याच ठिकाणी हार धरतात, आणि तोपर्यंत दुसरी जोडी रॅक हातात घेऊन टेबलापाशी आलेली असते.