अपोलिपोप्रोटीन ई : जनुकाचे प्रकार आणि आहारातील मेदाला मिळणारा प्रतिसाद

अपोलिपोप्रोटीन ई हे रक्तातील मेद वाहून नेणाऱ्या कणांवर बसणारे प्रथिन. त्यात २९९ अमिनो आम्ले असतात आणि ते प्रामुख्याने यकृतात तयार होते. त्याचे जनुक, APOE, १९व्या गुणसूत्रावर आहे. माणसांत या जनुकाचे तीन प्रकार सर्रास आढळतात : ई२, ई३ आणि ई४. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती मिळत असल्याने सहा जोड्या संभवतात. जगभर ई३ सर्वांत जास्त आढळतो. सगळ्या प्रती एकत्र मोजल्या तर तीन-चतुर्थांशांहून अधिक ई३ च्याच भरतात. त्यानंतर ई४ आणि सर्वांत कमी ई२ असा क्रम लागतो. भारतीय समूहांतही ई३ चेच प्राबल्य आहे.

या तिघांत फरक आहे तो फक्त दोन जागांचा. ई३ मध्ये ११२व्या जागी सिस्टीन आणि १५८व्या जागी आर्जिनीन असते. ई४ मध्ये दोन्ही जागी आर्जिनीन, तर ई२ मध्ये दोन्ही जागी सिस्टीन. १९७०च्या दशकात जर्मन संशोधक गेर्ड उटरमान यांनी विद्युतभारावरून हे प्रकार वेगळे केले. हा भारातला फरक नेमक्या कोणत्या अमिनो आम्लांमुळे पडतो, याचा उलगडा पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत रॉबर्ट माहली, कार्ल वाइसग्रेबर आणि स्टॅनली रॉल यांच्या गटाने केला.

एवढ्याशा फरकाचा परिणाम कळायचा तर जेवणानंतर काय घडते ते पाहावे लागते. खाल्लेला मेद आतड्यातून कायलोमायक्रॉन नावाच्या मोठ्या कणांत भरून रक्तात येतो. वाटेत स्नायू आणि चरबीच्या पेशी त्यातील ट्रायग्लिसराइड काढून घेतात. मागे उरतो तो आकसलेला, पण कोलेस्टेरॉलने भरलेला अवशेष कण. तो रक्तातून उचलण्याचे काम यकृताचे. यकृताच्या पेशीवरच्या रिसेप्टरला तो कण धरता यावा म्हणून त्याला जी मूठ असते, ती म्हणजे अपोलिपोप्रोटीन ई.

ई४ची मूठ रिसेप्टरला ई३ इतकीच घट्ट बसते. वेगळेपण आहे ते ई४ कुठे बसतो यात. ई३ आणि ई२ लहान एचडीएल कणांवर अधिक रमतात, ई४ मात्र ट्रायग्लिसराइडने भरलेल्या मोठ्या कणांकडे ओढला जातो. त्यामुळे अवशेष कण झपाट्याने यकृतात शिरतात. हे चांगलेच झाले, असे प्रथम वाटते. पण यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल साठले की ती कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण रक्तातून ओढून घेणारे पृष्ठभागावरचे रिसेप्टर कमी करते, कारण तिला आणखी कोलेस्टेरॉल नको असते. (पेशी हा हिशेब कसा ठेवते हे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी दाखवले. त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) रिसेप्टर कमी झाल्यामुळे एलडीएल रक्तात रेंगाळते आणि तपासणीत त्याचा आकडा चढलेला दिसतो.

ई२चे नेमके उलट होते. १५८व्या जागच्या सिस्टीनमुळे मुठीचा आकार बिघडतो आणि ती रिसेप्टरला ई३च्या तुलनेत जेमतेम एक-दोन टक्के ताकदीने बसते. अवशेष कण यकृतात शिरत नाहीत, पेशीला कोलेस्टेरॉल अपुरे पडते, ती रिसेप्टर वाढवते आणि रक्तातले एलडीएल वेगाने ओढून घेते. एलडीएल तयार होण्याचा वेगही मंदावतो. म्हणजे सफाईचे एक काम अडल्यामुळे दुसऱ्या कामाचा आकडा सुधारलेला दिसतो. हा विरोधाभास ध्यानात ठेवला तर या जनुकाबद्दलच्या बऱ्याच गोंधळाचा उलगडा होतो.

अनेक देशांतल्या अभ्यासांचे २००७ साली झालेले एकत्रित विश्लेषण ही साखळी आकड्यांत दाखवते. ई२च्या दोन प्रती असणाऱ्यांचे सरासरी एलडीएल ई४च्या दोन प्रती असणाऱ्यांपेक्षा ३१ टक्के कमी आढळले. हृदयधमनीच्या रोगाचा धोकाही साधारण त्याच क्रमाने बदलला, पण ई४च्या बाजूने फारसा नाही. ई३च्या दोन प्रती असणाऱ्यांशी तुलना करता ई२ बाळगणाऱ्यांत तो सुमारे २० टक्के कमी होता आणि ई४ बाळगणाऱ्यांत जेमतेम ६ टक्के जास्त. ‘हृदयविकाराचे जनुक’ हे ई४ला चिकटलेले विशेषण या आकड्यांपुढे टिकत नाही.

आहाराला मिळणारा प्रतिसाद हा याच्या पुढचा प्रश्न. त्याचा सर्वांत जास्त अभ्यास फिनलंडमध्ये झाला, आणि त्याला कारणही होते. उत्तर युरोपात ई४चे प्रमाण दक्षिण युरोपाच्या जवळपास दुप्पट आहे. शिवाय फिनलंडच्या पूर्वेकडील उत्तर कारेलिया प्रांतात लोणी आणि मलईयुक्त दूध भरपूर खाल्ले जाई आणि तेथे मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने मोठ्या संख्येने मरत असत. १९७२ साली पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली तेथे आहार बदलण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याच भागात केलेल्या आहारचाचण्यांत लोकांना काही आठवडे लोणी आणि मलईऐवजी वनस्पती तेल आणि साय काढलेले दूध देण्यात आले, आणि नंतर पुन्हा नेहमीच्या जेवणावर आणले गेले. कोलेस्टेरॉल सगळ्यांचेच उतरले आणि परत चढले. पण ई४च्या दोन प्रती असणाऱ्यांत ही घसरण आणि ही चढण दोन्ही सर्वांत मोठ्या होत्या. फिनलंडमधल्याच मिएटिनेन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली यामागचे आणखी एक कारण मांडले. आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषले जाण्याचे प्रमाण ई२ बाळगणाऱ्यांत सर्वांत कमी, ई३ वाल्यांत मध्यम आणि ई४ बाळगणाऱ्यांत सर्वांत जास्त होते.

गोष्ट येथेच संपली असती तर बरे झाले असते. पण नंतरच्या काही नियंत्रित चाचण्यांत प्रकारानुसार फरक दिसला नाही. ई४च्या दोन प्रती असणारे लोक मुळात शेकड्यात मोजकेच, म्हणून छोट्या चाचणीत ते बोटावर मोजण्याइतके येतात. बहुतेक चाचण्यांत संतृप्त मेद आणि कोलेस्टेरॉल एकाच वेळी बदलले गेले, त्यामुळे परिणाम कशाचा हे सांगता येत नाही. शिवाय ज्याचे एलडीएल सुरुवातीलाच जास्त, त्याचे आहाराने उतरतेही जास्त. ई४ वाल्यांची सुरुवातच वरून होते, तेव्हा फरकाचा काही भाग निव्वळ त्यामुळेही पडतो. २०१६ साली फिनलंडच्याच कुओपिओ भागातील १०३२ पुरुषांच्या दीर्घ पाठपुराव्याचा निष्कर्ष आला. त्यांतले साधारण एक तृतीयांश ई४ बाळगणारे होते. रोज एखादे अंडे खाण्याचा हृदयविकाराशी संबंध त्यांच्यातही आढळला नाही.

एकट्या या जनुकावर सगळे सोडता येत नाही याचे लक्षात राहणारे उदाहरण १९९१ साली अमेरिकेत नोंदले गेले. एक ८८ वर्षांचे गृहस्थ अनेक वर्षे रोज २५ अंडी खात होते आणि त्यांचे कोलेस्टेरॉल सामान्य होते. तपासात दिसले, की त्यांच्या आतड्यातून जेमतेम १८ टक्के कोलेस्टेरॉल शोषले जात होते. इतरांत ते साधारण निम्मे शोषले जाते. शिवाय त्यांचे यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले नेहमीच्या दुप्पट वेगाने बनवत होते. शोषण, पित्ताम्लांची निर्मिती आणि शरीराने स्वतः कोलेस्टेरॉल बनवणे या तिन्ही टप्प्यांवर दुसरी अनेक जनुके काम करतात. अपोलिपोप्रोटीन ई त्यांतले एक आहे.

डॉक्टरसाठी खरा पेच ई२च्या दोन प्रतींत असतो. असे लोक शंभरात सुमारे एक. बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. पण मधुमेह, थायरॉइडची कमतरता, लठ्ठपणा किंवा अतिमद्यपान यांपैकी काही जोडीला आले, तर त्यांच्यातील थोड्यांत अवशेष कण तुंबतात. या विकाराला तिसऱ्या प्रकारचा मेदाधिक्य विकार म्हणतात. तळहाताच्या रेषांत पिवळसर-नारिंगी मेद साचणे ही त्याची खास खूण. कोपर आणि गुडघ्यांवर गाठी येतात. नीट प्रकाशात तळहात पाहिला तर निदान अर्धे झालेच.

नेहमीचा लिपिड अहवाल मात्र येथे फसवतो. समजा, एकूण कोलेस्टेरॉल ३८०, ट्रायग्लिसराइड ३९० आणि एचडीएल ४० मिग्रॅ. प्रति डेसिलिटर आले. नेहमीचे सूत्र ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ७८, हे व्हीएलडीएल या यकृतातून निघणाऱ्या ट्रायग्लिसराइडयुक्त कणांमधले कोलेस्टेरॉल मानते आणि ३८० मधून ४० व ७८ वजा करून एलडीएल २६२ सांगते. पण या रुग्णात व्हीएलडीएलच्या गटात अवशेष कण दाटलेले असतात आणि त्यांत कोलेस्टेरॉल खच्चून भरलेले असते. कण प्रत्यक्ष वेगळे करून मोजले, तर व्हीएलडीएलमधले कोलेस्टेरॉल २२० आणि एलडीएल अवघे १२० भरू शकते. एरवी व्हीएलडीएलमधले कोलेस्टेरॉल ट्रायग्लिसराइडच्या पाचव्या भागाएवढे, म्हणजे गुणोत्तर ०.२ च्या आसपास असते. येथे ते ०.५६ आहे. ०.३ च्या वर गेले, की या विकाराचा संशय घ्यायचा. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही जवळपास सारखेच वाढलेले आणि एलडीएल व व्हीएलडीएल कणांवरचे अपोलिपोप्रोटीन बी हे प्रथिन मात्र त्या मानाने कमी, हाही इशाराच. निदान झाले तर उपचार चांगला लागू पडतो. वजन, साखर आणि मद्य आटोक्यात आले, गरज पडल्यास फायब्रेट गटातले मेद उतरवणारे औषध दिले, की आकडे मोठ्या प्रमाणात उतरतात आणि तळहाताच्या रेषाही हळूहळू निवळतात.

एखाद्याचे शरीर साजूक तूप, साय किंवा अंड्यांना कसा प्रतिसाद देते हे पाहायचे असेल, तर जनुकापेक्षा रक्ताची तपासणी अधिक सांगते, पण ती नीट केली तरच. एकाच माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल काहीही न बदलता दिवसागणिक सुमारे ६ टक्क्यांनी हलते. म्हणजे २०० चे १९० झाले तर आहाराचा गुण आला असे म्हणता येत नाही. बदलाआधी दोन-तीन आणि बदलानंतर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा दोन-तीन मोजणी हव्यात. मधल्या काळात वजन फारसे बदललेले नको आणि ताप वा मोठे आजारपण आलेले नको, कारण आजारपणात कोलेस्टेरॉल उतरते. लोण्या-तुपाच्या जागी काय खाल्ले हेही लिहून ठेवावे. तुपाऐवजी शेंगदाण्याचे तेल आले तर एलडीएल उतरते. तुपाच्या जागी साखर आणि मैदा आला तर ट्रायग्लिसराइड चढू शकते, आणि वरचे सूत्र वापरणारा अहवाल मग आणखी गोंधळात टाकतो.

जनुकाची चाचणी केलीच, तर अहवालात rs429358 आणि rs7412 या जनुकातील दोन जागांच्या खुणा असतात. दोन्ही ठिकाणी वेगवेगळी अक्षरे आली, म्हणजे एकीकडे CT आणि दुसरीकडेही CT, तर त्याचा अर्थ ई२ आणि ई४ची एकेक प्रत असा घेतला जातो. ही जोडी समजण्यात सर्वाधिक चुका होतात, कारण येथे दोन उलट प्रवृत्ती एकत्र येतात आणि सरासरीने काहीच ठरत नाही.

आहारासाठी केलेली ही चाचणी आणखी एक गोष्ट नकळत सांगून जाते. १९९३ साली ड्यूक विद्यापीठातील अॅलन रोझेस आणि सहकाऱ्यांनी ई४चा संबंध उतारवयातील अल्झायमर रोगाशी जोडला. तेव्हापासून कोलेस्टेरॉलसाठीची चाचणी आणि स्मृतिभ्रंशाच्या धोक्याची चाचणी एकच आहे, एक करून दुसरी टाळता येत नाही. म्हणूनच जेम्स वॉटसन यांनी २००७ साली स्वतःचा जीनोम जाहीर करताना APOEचा तेवढा भाग गाळायला सांगितला. त्यानंतर लवकरच इतर संशोधकांनी दाखवून दिले, की शेजारच्या खुणांवरून तो गाळलेला भागही ओळखता येतो.