न पाठवलेल्या मजकुराची प्रत कुठे उरते?

लिहिता लिहिता ॲप बंद पडलं आणि मजकूर गेला, की कुठेतरी त्याची प्रत असेल अशी आशा वाटते. ती कितपत धरावी हे ठरवताना दोन अपघात वेगळे समजून घ्यावे लागतात. क्रॅश झाला की मेमरीतलं जातं, डिस्कवरचं सहसा राहतं. ॲप काढून पुन्हा टाकलं तर डिस्कवरचा त्याचा कप्पाही रिकामा होऊ शकतो. या दोन्हींवरचे उपाय वेगवेगळ्या काळात निघाले आणि एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

क्रॅशवरचा उपाय जुना आहे, आणि तो मेमरीच्या टंचाईतून आला. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीमध्ये vi हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम तयार केला तेव्हा PDP-11 यंत्रांची मेमरी इतकी तोकडी होती, की चालू मजकूर `/tmp` मधल्या तात्पुरत्या फाइलमध्येच ठेवावा लागे. त्यामुळे यंत्राशी जोडणारी फोनलाइन तुटली किंवा यंत्र बंद पडलं, तरी डिस्कवर बरंच काही शिल्लक असे. यंत्र पुन्हा सुरू होताना `expreserve` नावाचा छोटा प्रोग्राम ते वाचवून वेगळ्या जागी ठेवायचा आणि तुमची प्रत जपली आहे अशी मेल वापरणाऱ्याला धाडायचा. मला ही मेल फार महत्त्वाची वाटते, कारण प्रत आहे हे माहीतच नसेल तर ती शोधायला कोण जाणार?

हीच पद्धत vi च्या आजच्या वारसदारात, म्हणजे Vim मध्ये, जवळून पाहता येते. `patra.txt` उघडली की शेजारी `.patra.txt.swp` ही लपलेली फाइल तयार होते. मूळ सेटिंग बदललं नसेल तर २०० अक्षरं टाइप झाल्यावर किंवा हात ४ सेकंद थांबल्यावर तिच्यात भर पडते. मधेच वीज गेली तर पुढच्या वेळी ही आज्ञा द्यायची:

```
vim -r patra.txt
```

शेवटचे काही शब्द सोडले तर बाकी मजकूर परत येतो. तो नव्या नावाने जतन करून तपासावा आणि मगच `.swp` पुसावी. पण Vim मधून नीट बाहेर पडलात की ही फाइल आपोआप पुसली जाते. म्हणजे बदल नको म्हणून स्वतःच `:q!` दिलं असेल तर तिथे शोधून उपयोग नाही. ब्राउझरकडे ही सोय बऱ्याच उशिरा आली. फायरफॉक्सने २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीत क्रॅशनंतर टॅब आणि त्यांतल्या रकान्यांतला मजकूर परत आणायला सुरुवात केली.

पुन्हा इन्स्टॉल करण्यावर यातलं काही चालत नाही. तिथे प्रत यंत्राबाहेरच हवी, आणि ती वाट ईमेलने काढली. POP पद्धतीत पत्रं सर्व्हरवरून फक्त खाली उतरत, अर्धवट पत्र वर ठेवायची सोयच नव्हती. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या IMAP मध्ये पत्रपेटीच सर्व्हरवर राहते, आणि १९९४ च्या IMAP4 मध्ये पत्रावर `\Draft` अशी खूण करता येऊ लागली. म्हणून IMAP खात्याचं ॲप काढलं असेल तर घाबरण्याआधी दुसऱ्या यंत्रावरून मसुद्यांचं फोल्डर उघडावं. ॲपने तो मसुदा वर चढवला असेल तर तिथे मिळेल.

फोनवरच्या मेसेंजरांनी मात्र बहुतेक वेळा मसुदा फोनमध्येच ठेवला. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपचा खासगी कप्पा असतो, आणि ॲप काढलं की तो पुसला जातो. नुसती कॅशे साफ केली तर सहसा काही बिघडत नाही, ‘डेटा साफ करा’ दाबलं तर मसुदा गेला. आजच्या फोनमधलं स्टोरेज एन्क्रिप्ट केलेलं असल्यामुळे पुसलेली फाइल परत आणून देणाऱ्या ॲपांवर पैसे घालवू नयेत. टेलिग्रामने जून २०१६ मध्ये नेहमीच्या चॅटचे मसुदे सर्व्हरवर ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे तिथला अर्धा निरोप संगणकावर सापडू शकतो. सिक्रेट चॅटचे मसुदे मात्र त्याच यंत्रात राहतात.

‘कंपनीकडे तरी असेलच’ ही समजूतही पारखून घ्यावी. फेसबुकमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये टाइप करून न पाठवलेल्या मजकुराचा अभ्यास मांडला. त्यात सुमारे ३९ लाख लोकांपैकी ७१ टक्के लोकांनी कधी ना कधी लिहिलेलं मागे घेतल्याचं दिसलं. पण किमान पाच अक्षरं टाइप झाली आणि दहा मिनिटांत पोस्ट झाली नाहीत, एवढीच नोंद त्यांनी घेतली होती. मजकूर सर्व्हरवर पाठवला नव्हता, असं त्यांनी त्या निबंधात स्पष्ट लिहिलं आहे. अशा ठिकाणी कंपनीला कितीही पत्रं लिहिली तरी द्यायला तिच्याकडे शब्द नसतात.