‘कादा’ आणि ‘शरअ’ यांच्यामागे मुजारेच का येतो

अरबी शिकणारा ‘शरअतु अक्तुबु’ पहिल्यांदा वाचतो तेव्हा हमखास थबकतो. शरअतु म्हणजे ‘मी सुरुवात केली’, अक्तुबु म्हणजे ‘मी लिहितो’. मराठीत ‘लिहू लागलो’ म्हणताना ‘लिहू’ला पुरुष नाही, वचन नाही, ते सगळं ओझं ‘लागलो’ उचलतं. अरबीत मात्र दोन्ही क्रियापदं पूर्ण रूपात येतात. कुराणात आदम आणि हव्वा पानांनी अंग झाकू लागतात, तिथे ‘तफिका यख्सिफानि’ असे शब्द आहेत (७:२२). दोघं आहेत म्हणून दोन्ही क्रियापदं द्विवचनी. पहिलं माजी, म्हणजे भूतकाळी. दुसरं मुजारे, ज्याला आपण ढोबळपणे वर्तमानकाळ म्हणतो. भूतकाळातली गोष्ट सांगताना मध्येच हा वर्तमान कुठून आला?

या प्रश्नाचं पहिलं व्यवस्थित उत्तर बसऱ्यात मिळालं. वैयाकरण खलील इब्न अहमदचा इराणी शिष्य सीबवैह (मृत्यू इ.स. ७९६च्या सुमारास) याने ‘अल-किताब’ या आपल्या व्याकरणग्रंथात ‘कादा’चा, म्हणजे ‘बेतात असणे’ या क्रियापदाचा, विचार केला, तो मुजारेच्या शेवटी ‘उ’ का लागतो हे समजावताना. ‘मी’ कर्ता असला की ‘कादा’चं ‘किद्तु’ होतं. त्याचं म्हणणं असं: ‘किद्तु अफ्अलु’ (मी करण्याच्या बेतात होतो) यातलं ‘अफ्अलु’ एका नामाच्या जागेवर बसलेलं आहे. ‘कुन्तु’ (मी होतो) नंतर जसं ‘फाइलन्’ (करणारा) येऊ शकतं, तशीच जागा ‘किद्तु’नंतरही आहे. फरक इतकाच की ‘किद्तु’ आणि तत्सम क्रियापदांपुढे लोक नाम वापरत नाहीत. जणू ‘किद्तु फाइलन्’ म्हणायचं होतं आणि फाइलनच्या जागी अफ्अलु ठेवलं.

मुजारे या नावाचा अर्थच ‘सारखा दिसणारा’ असा आहे. सारखा कोणाशी, तर नामाशी, विशेषतः कर्तृवाचक धातुसाधिताशी. म्हणून नामाची जागा घ्यायची वेळ आली की क्रियापदांत हक्काचा उमेदवार तोच. याच विचारातून ‘कादा’ हे ‘काना’च्या (असणे) कुटुंबात गेलं: त्याला एक ‘इस्म’ हवा, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं तो, आणि एक ‘खबर’ हवी, म्हणजे जे सांगायचं ते. फक्त इथली खबर क्रियापदाच्या रूपात येते.

सीबवैहची ही मांडणी निव्वळ कल्पना वाटू शकते. कोणी कधी बोलतच नाही असं मूळ रूप गृहीत धरायचं आणि त्यावरून नियम सांगायचा, ही वैयाकरणांची जुनी खोड. पण इथे एक साक्षीदार आहे, आणि तो इस्लामपूर्व काळातला दरोडेखोर कवी आहे: तअब्बत शर्रन. तो हुजैल जमातीच्या लिह्यान शाखेच्या मुलखात गुहेतला मध काढायला जायचा. एकदा त्यांनी त्याला वरून घेरलं. कथा सांगते की त्याने मध खडकावर ओतला, छातीला बुधला बांधला आणि मधावरून घसरत पलीकडे उतरून निसटला. या सुटकेवरच्या कवितेत तो म्हणतो: ‘फउब्तु इला फह्मिन् व मा किद्तु आइबन्’. मी माझ्या फह्म जमातीकडे परतलो, परतेन असं काही दिसत नव्हतं.

‘आइबन्’ म्हणजे परतणारा. हे नाम आहे आणि द्वितीयेत आहे, म्हणजे नेमकं तेच रूप, जे सीबवैहच्या मते मुळात असायला हवं होतं आणि बोलण्यात येत नाही.

अर्थात या ओळीचे दुसरे पाठही आहेत. काही ठिकाणी ‘व लम् अकु आइबन्’ (मी परतणारा नव्हतो) असं आहे; तो पाठ धरला तर पुरावाच उरत नाही, कारण तिथे साधं ‘काना’ आहे. मोसुलचा इब्न जिन्नी (मृत्यू १००२) या वादात ठामपणे ‘किद्तु’च्या बाजूने उभा राहिला. ज्यांना ओळ नीट राखता आली नाही त्यांनी ती बदलली, असं त्याचं मत. मला त्याचं म्हणणं पटतं. अनोळखी ‘किद्तु आइबन्’ बदलून कोणीतरी रुळलेलं ‘अकु आइबन्’ केलं हे समजण्यासारखं आहे. उलट दिशेने बदल करायला कोणाला कारण नव्हतं. ‘असा’ (आशा आहे की) या भावंडाच्या बाबतीतही ‘असल्-गुवैरु अब्उसन्’ ही जुनी म्हण टिकून आहे, तिच्यातही खबर, म्हणजे ‘अब्उसन्’, नाम आहे.

पण मग नाम मागे का पडलं? इथे उत्तर अर्थाकडे वळतं. ‘कादा’ सांगतं की घटना उंबरठ्यावर आली. ‘यकादुल्-बर्कु यख्तफु अब्सारहुम्’, वीज त्यांची दृष्टी हिरावून घेण्याच्या बेतात आहे (२:२०). इथे माजी घातला तर दृष्टी गेलीच असा अर्थ होईल, आणि मग ‘बेतात’ला जागा राहत नाही. नाम स्थिर असतं. घटना घडत येत असल्याचा भाव त्यात नाही. मुजारेत तो आहे. त्याला वर्तमानकाळ म्हणणं म्हणूनच थोडं फसवं: तो न संपलेली क्रिया दाखवतो, मग ती आजची असो वा हजार वर्षांपूर्वीची. काळ पहिलं क्रियापद ठरवतं, दुसरं फक्त ‘अजून पूर्ण नाही’ एवढंच म्हणतं.

हाच धागा ‘अन्’ या अव्ययापाशी स्पष्ट दिसतो. मुजारेआधी ‘अन्’ आलं की क्रिया भविष्याकडे ढकलली जाते. आशा भविष्याचीच असते, म्हणून ‘असा’पुढे बहुधा ‘अन्’ येतं: ‘असा रब्बुकुम् अन् यर्हमकुम्’ (१७:८). ‘कादा’ क्रियेच्या इतक्या जवळ उभं असतं की ‘अन्’ सहसा गळतं. आणि शरअ, तफिक, जअल, अखज यांच्यापुढे ते चालतच नाही. इब्न मालिकच्या (मृत्यू १२७४) ‘अलफिया’ या पद्यरूप व्याकरणावर टीका लिहिणाऱ्या इब्न अकीलने कारण दिलंय: आरंभ म्हणजे आत्ताची गोष्ट, ‘अन्’ म्हणजे पुढची, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. ‘शरअतु अन् अक्तुब’ लिहिणारा नवशिका एकाच दमात ‘सुरू केलं’ आणि ‘करायचं आहे’ म्हणत असतो.

आरंभाच्या क्रियापदांत मुजारे आणखी एक काम करतो, ज्याकडे पाठ्यपुस्तकं फारसं लक्ष देत नाहीत. अखज म्हणजे एरवी ‘घेतलं’, जअल म्हणजे ‘बनवलं’ किंवा ‘ठेवलं’. ‘अखजल्-किताब’ म्हणजे त्याने पुस्तक घेतलं. ‘अखज यक्रउ’ म्हणजे तो वाचू लागला. मुजारे मागे आला की कळतं, हे ‘घेणं’ नव्हे. नाम आलं असतं तर ते सरळ कर्म वाटलं असतं.

नियमाला तडा देणारी उदाहरणंही आहेत. पैगंबरांचे सहकारी इब्न अब्बास यांच्या एका कथनात ‘जअल’नंतर ‘इजा’ने, म्हणजे ‘जेव्हा’ने, सुरू होणारं वाक्य आणि त्यात ‘अर्सल’ (पाठवलं) हा माजी येतो. ज्याला स्वतःला येता येईना तो दूत पाठवू लागला, असा अर्थ. वैयाकरण ते विरळा म्हणून नोंदवतात.

मालेगाव-मुंबईकडे दर्से निजामी हा मदरशांचा अभ्यासक्रम शिकणारा विद्यार्थी हे प्रकरण इब्न हाजिबच्या ‘काफिया’ या व्याकरणग्रंथात वाचतो. तिथे एकाच व्याख्येत आशा, जवळीक आणि आरंभ असे तिन्ही गट बांधलेले आहेत. गंमत अशी की आज सर्वांत जास्त कानावर पडणारं ‘शरअ’ अलफियाच्या आरंभ-क्रियापदांच्या ओळीत नाहीच. तिथे अन्शअ, तफिक, जअल, अखज आणि अलिक आहेत. आजच्या अरबी लेखनात ‘शरअ फिल्-किताबति’ असंही सर्रास दिसतं. तिथे नाम परत आलेलं आहे, पण ‘फी’ या शब्दयोगीच्या आधाराने. आणि मग ‘शरअ’ काना-कुटुंबातलं न राहता साधं क्रियापद होतं.