झोपेच्या गोळ्यांनंतरची बेशुद्धी : प्रथमोपचार

डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा गुंगीच्या गोळ्या घेतलेली व्यक्ती हाकेने व खांदा हलवूनही नीट जागी होत नसेल, तर ती झोप समजून सोडू नये; तत्काळ १०८ किंवा ११२ वर कळवावे. खरा धोका घशात असतो. स्नायू सैल पडून जीभ मागे सरते, किंवा ओकारी श्वासमार्गात जाते. उताण्या पडलेल्या माणसाचे घरघरते घोरणे हे बहुधा श्वासमार्ग अर्धवट अडल्याचे चिन्ह असते. ‘गाढ झोपलाय, झोपू दे’ ही समजूत इथेच घात करते. सोबत मद्य किंवा अफूवर्गीय औषध घेतले असल्यास श्वसनही मंदावते.

कुशीवर वळवण्याच्या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. सामान्यतः इंग्लंडमधील रॉबर्ट बोल्स यांच्या १८९१ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या लेखनाकडे बोट दाखवले जाते. घरघर कुशीवर वळवल्याने थांबते, असे त्यांनी मांडले. त्यानंतरही बार्बिट्युरेट या जुन्या झोपेच्या औषधांच्या विषबाधेत रुग्णाला उत्तेजक औषधांनी जागे करण्याचा प्रघात दीर्घकाळ टिकला. कोपनहेगनच्या बिस्पेबर्ग रुग्णालयात कार्ल क्लेमेसेन यांनी १९४९ च्या सुमारास तो सोडून श्वासमार्ग व रक्ताभिसरण सांभाळण्यावर भर दिला आणि मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. आजचा प्रथमोपचार याच विचारावर उभा आहे. म्हणून कॉफी पाजणे, गार पाणी ओतणे, चालवत नेणे, मीठपाण्याने ओकारी काढणे हे सर्व वर्ज्य.

प्रथम हनुवटी उचलून दहा सेकंदांपर्यंत श्वास पाहावा. श्वास नियमित असेल तर रुग्णाच्या बाजूला गुडघे टेकून बसावे. आपल्याकडचा त्याचा हात काटकोनात पसरावा, पलीकडच्या हाताची मागची बाजू अलीकडच्या गालाला लावून धरावी, पलीकडचा गुडघा उभा करून तोच ओढत त्याला आपल्याकडे वळवावे. वरचा पाय कमरेत व गुडघ्यात काटकोनात ठेवला की शरीर पालथे पडत नाही. डोके किंचित मागे व तोंड जमिनीकडे कललेले ठेवावे, म्हणजे लाळ व ओकारी बाहेर वाहते. पुष्कळदा एवढ्यानेच घोरणे थांबते. न थांबल्यास हनुवटी पुन्हा उचलून पाहावी. पडून मानेला इजा झाल्याची शंका असल्यास डोके, मान व धड एकरेषेत ठेवून वळवावे.

कूस कोणती, याबाबत एकमत नाही. डावी कूस औषधाचे शोषण मंदावते असे छोट्या प्रयोगांवरून सुचवले गेले. तथापि जागा अपुरी असताना त्यासाठी वेळ दवडणे योग्य दिसत नाही.

एकट्याला सोडू नये, कारण या स्थितीत श्वास थांबलेला चटकन ध्यानात येत नाही. तोंडाजवळ हात धरून तो तपासत राहावे. श्वास थांबला किंवा अधूनमधून नुसते आचके येऊ लागले, तर उताणे करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब सुरू करावेत. रिकामी पाकिटे रुग्णासोबत रुग्णालयात न्यावीत. फ्लुमाझेनिल हा उतारा तेथेच आणि निवडकपणे दिला जातो, कारण काही रुग्णांत त्याने झटके येतात.