पंचग्रंथाचे स्रोत आणि याजकीय लेखनाच्या काळाचा वाद

पंचग्रंथ म्हणजे बायबलचे पहिले पाच ग्रंथ. त्यांतल्या पहिल्या, उत्पत्ती ग्रंथातली जलप्रलयाची गोष्ट सलग वाचताना अडखळायला होते. सहाव्या अध्यायात ‘देव’ नोहाला प्रत्येक जातीची एकेक जोडी तारवात घ्यायला सांगतो. सातव्याच्या सुरुवातीला ‘परमेश्वर’ शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या घ्यायला सांगतो. दोन्ही धागे वेगळे केले की जवळजवळ पूर्ण अशा दोन कथा हाती येतात. सात जोड्यांच्या कथेत नोहा प्रलयानंतर बळी देतो, म्हणून जास्तीचे पशू लागतात. दुसरीत बळी नाहीच, कारण त्या लेखकाच्या मते सीनाय पर्वतावर मोशेला नियमशास्त्र मिळण्याआधी यज्ञविधी सुरूच झालेले नव्हते. केवळ देवाच्या नावावरून अशी विभागणी करता येत नाही. नाव, शैली आणि विचार या खुणा एकमेकींना दुजोरा देतात तेव्हाच ती टिकते.

नावांचा हा फरक धरून 1753 मध्ये एका फ्रेंच वैद्याने उत्पत्तीचा मजकूर स्तंभांत मांडला. परंपरेने या ग्रंथांचा लेखक मानलेल्या मोशेने जुने दस्तऐवज वापरले असावेत, असे त्याचे म्हणणे होते. पुढे जर्मन अभ्यासकांनी जे, ई, डी आणि पी असे चार स्रोत ठरवले. जे सुरुवातीपासून देवाला ‘परमेश्वर’ म्हणतो, ई सुरुवातीला ‘देव’ म्हणतो. डी म्हणजे मुख्यतः ‘अनुवाद’ नावाचा पाचवा ग्रंथ. पी म्हणजे याजकीय, विधिनियमांवर भर देणारे लेखन; जलप्रलयाची बळी नसलेली कथा त्याचीच.

खरा वाद पेटला तो पी कधीचा, यावर. 1878 च्या प्रसिद्ध मांडणीने त्याला इ.स.पू. सहाव्या शतकातल्या यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासानंतर, सर्वांत शेवटी ठेवले. युक्तिवाद उपासनास्थळांचा होता. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात ठिकठिकाणी वेदी चालते. अनुवादाचा बारावा अध्याय एकाच स्थळाचा आग्रह धरतो. पी मात्र ते एकच स्थळ गृहीत धरूनच चालतो. म्हणजे वाद संपल्यावर लिहिलेला. पण लेवीय 17 प्रमाणे खाण्यासाठीचा बैलही निवासमंडप या तंबूतल्या उपासनास्थळापाशीच कापावा लागतो, आणि अनुवाद 12 तो गावात कापायची मुभा देतो. ही मुभा आधीच्या सक्तीवरचा तोडगा वाटते. मग पी आधीचा ठरतो. पीची हिब्रू बंदिवासकाळातल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या भाषेपेक्षा जुनी आहे, असेही काही भाषातज्ज्ञांनी दाखवले. शिवाय त्या जुन्या मांडणीत विधिनियम म्हणजे जिवंत धर्माची घसरण, असा पूर्वग्रह उघड दिसतो. यहुदी अभ्यासकांनी त्यावर बोट ठेवले ते योग्यच होते. तरी पूर्वग्रह दाखवल्याने वेदींचा युक्तिवाद खोटा ठरत नाही.

1970 च्या दशकात उरलेली चौकटही हलली. जे हा राजेशाहीच्या आरंभीचा नसून बंदिवासकाळातला आहे, असे मत पुढे आले. ई स्वतंत्र दस्तऐवज होता का, यावरच अनेकांना शंका आली. सलग दस्तऐवजांऐवजी अब्राहाम, याकोब, निर्गम अशी सुटी कथाचक्रे होती आणि ती नंतर जोडली गेली, असे युरोपात बरेच जण मानू लागले. ते आता बहुधा ‘पी’ आणि ‘पी नसलेले’ एवढाच भेद खात्रीने करतात. दुसरीकडे अमेरिका आणि इस्राएलमधला एक गट चार दस्तऐवजांची बाजू कथानकाच्या सलगतेवरून आजही लढवतो, आणि त्यांचा काळ ठरवण्याचा प्रश्न जाणूनबुजून बाजूला ठेवतो.