कापलेलं आणि लपवलेलं: त्रिमितीय मॉडेलमधल्या सेक्शनची पार्श्वभूमी

कागदावरचं सेक्शन हा काही नियमांनी ठरवून दिलेला सोयीचा खोटेपणा होता. गिअरबॉक्सचा उभा छेद काढायचा तर कास्टिंगच्या भिंतीवर ४५ अंशांच्या तिरक्या रेषांचं हॅचिंग करायचं आणि शेजारच्या भागावर उलट दिशेने. शाफ्ट, बोल्ट, नट, चावी, बेअरिंगचे बॉल मात्र छेदरेषा त्यांच्या अक्षातून गेली तरी अखंडच दाखवायचे. त्यांच्या पोटात पाहण्यासारखं काही नसतं आणि हॅच केले तर चित्र गढूळ होतं. काय कापायचं, काय नाही, हे ड्राफ्ट्समन ठरवायचा. संगणकाला हा विवेक आपोआप आला नाही, आणि आजही सेक्शन वाचताना होणाऱ्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात.

संगणकात ‘क्लिपिंग’ आलं ते वेगळ्याच कामासाठी. पडद्याच्या चौकटीबाहेर जाणारा भाग काढायला वेळ घालवायचा नाही, म्हणून तो कडेवर छाटायचा. इव्हान सदरलँड आणि गॅरी हॉजमन यांनी १९७४ मध्ये बहुभुज छाटण्याची जी रीत मांडली, ती एका वेळी एकाच प्रतलाचा विचार करते: कोपरा प्रतलाच्या आत असेल तर ठेवायचा, बाहेर असेल तर टाकायचा, आणि बाजू प्रतल ओलांडत असेल तर तिथे नवा कोपरा बसवायचा. चौकट ही अशा प्रतलांचीच बनलेली असते. मग पडद्याच्या कडेऐवजी मॉडेलच्या मधोमध एखादं प्रतल ठेवलं तर? गणित तेच. १९९२ च्या ओपनजीएल या ग्राफिक्सच्या आज्ञासंचात चौकटीच्या सहा प्रतलांशिवाय आणखी किमान सहा प्रतलं वापरणाऱ्याच्या हाती आली, `glClipPlane` या नावाने. पुढे ती आज्ञा मागे पडून काम शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये गेलं, तरी गाभा एका ओळीचाच राहिला:

```glsl
gl_ClipDistance[0] = dot(plane, worldPos);
```

उत्तर ऋण आलं की तो भाग काढायचा नाही. हे एवढं स्वस्त असतं की हजारो भागांच्या असेंब्लीतही माऊसने प्रतल ओढताना चित्र सोबत सरकतं.

पण यात कापलं काहीच जात नाही, फक्त लपवलं जातं. ग्राफिक्स कार्डाला घन पदार्थ माहीत नसतो, माहीत असतात ती पृष्ठभागाची त्रिकोणी टिकली. त्यामुळे भरीव शाफ्टवर नुसतं प्रतल चालवलं की आत पोलाद न दिसता पत्र्याच्या नळीसारखी पोकळी दिसते, आणि कवचाची आतली बाजू आपल्याकडे तोंड करून असते. फ्रीकॅड या मोफत पॅकेजमधला साधा क्लिपिंग प्लेन आजही असंच दाखवतो. नवख्याला वाटतं मॉडेल पोकळ बनलंय. मॉडेल ठीक असतं.

ही पोकळी झाकण्याची युक्ती, म्हणजे कॅपिंग, दर पिक्सेलमागे एक आकडा लक्षात ठेवणाऱ्या स्टेन्सिल बफरवर उभी राहिली. प्रतलाने छाटलेला भाग आधी रंग न भरता काढायचा. प्रत्येक पिक्सेलवर डोळ्याकडे पाठ असलेला पृष्ठभाग आला की त्या आकड्यात एक वाढवायचा, डोळ्याकडे तोंड असलेला आला की एक वजा करायचा. जिथे एक उरतो तिथे नजर पदार्थाच्या पोटातून बाहेर पडते आहे, म्हणजे छेदाचा तो बिंदू धातूत आहे. मग प्रतलाएवढा एक सपाट चौकोन फक्त तेवढ्याच पिक्सेलांवर रंगवायचा. प्रत्येक भागाला वेगळा रंग हवा तर ही मोजणी भागागणिक पुन्हा करावी लागते.

मोजणीची अट एकच: कवच बंद असलं पाहिजे. आयात केलेल्या फाइलमध्ये एखादं पृष्ठ सुटलं असेल तर त्या दिशेने बेरीज-वजाबाकी जुळत नाही आणि भागाच्या बाहेर रंगाचा पट्टा सांडतो किंवा भरीव जागी भोक पडतं. असा पट्टा दिसला की सेक्शनशी झटापट न करता त्या भागाची फाइल तपासावी. दुसरी गंमत दोन भाग एकमेकांत घुसलेले असताना दिसते. सगळ्यांची एकत्र मोजणी केली तर घुसलेल्या जागी दोन उरतात, आणि ‘दोन म्हणजे लाल’ एवढा नियम लावला की इंटरफिअरन्स आपोआप उठून दिसतो. वाढवा-घटवाऐवजी नुसती सम-विषम मोजणी केली, तर मात्र तीच जागा कोरी राहते आणि दोष मोकळ्या जागेच्या वेशात लपतो.

दुसरा रस्ता खरोखर कापण्याचा. केंब्रिजमध्ये इयन ब्रेड यांच्या कामातून १९७० च्या दशकात सीमापृष्ठांवर आधारलेलं घन-मॉडेलिंग आकाराला आलं. तिथे शाफ्ट हा त्रिकोणांचा ढीग न राहता ‘२५ मिमी व्यासाचा सिलिंडर’ असतो, आणि त्यातून अर्धं अवकाश वजा केलं की उरतो तो खरा, बंद, मोजता येणारा घन. किंमत अशी की प्रतल हलवलं की छेदणाऱ्या प्रत्येक भागाचा हिशेब नव्याने. म्हणून आजची बरीच पॅकेजेस दोन्ही ठेवतात: पाहायला ग्राफिक्सचा छेद, मोजायला भूमितीचा.

हा फरक कुठे चावतो ते एका साध्या जोडणीत पाहू: २५ मिमीचा शाफ्ट, त्यावर ६२०५ बेअरिंग (२५ × ५२ × १५) आणि बाहेरून सर्क्लिप, म्हणजे शाफ्टवरच्या खाचेत बसून बेअरिंग अडवणारी कडी. सर्क्लिपची जाडी १.२, खाचेची रुंदी १.३, खाचेतला व्यास २३.९. खाच नीट बसली का, हे पाहायला सेक्शन लावलं, पण प्रतल शाफ्टच्या अक्षावर न ठेवता माऊसने अंदाजे ओढलं आणि ते ३ मिमी बाजूला राहिलं. आता छेदात शाफ्टची रुंदी २४.२७ मिमी दिसते, कारण मोजली जाते ती जीवा, व्यास नव्हे. खाचेची खोलीही ०.५५ ऐवजी ०.५७ येते. इलाज सोपा आहे: प्रतल ओढायचं नाही, शाफ्टच्या अक्षावर संदर्भप्रतल करून त्याच्याशी बांधायचं. प्रतल तिरकं झालं तरी हाच घोळ होतो. ५ मिमीची भिंत ३० अंश तिरक्या छेदात ५.७७ मिमी दिसते.

त्याच शाफ्टवर एक सरकणारी बुश आहे आणि व्यासात ०.०२ मिमी मोकळीक ठेवली आहे, म्हणजे एका बाजूला ०.०१. पडद्यासाठी वर्तुळाच्या ३६ बाजू केल्या असतील तर प्रत्येक बाजू खऱ्या वर्तुळापासून मध्यावर ०.०४८ मिमी आत सरकते. शाफ्टचे आणि भोकाचे कोपरे एकमेकांसमोर आले नाहीत की नसलेली घुसखोरी दिसते. फिट कधीही ग्राफिक्सच्या छेदावरून ठरवू नये. डिस्प्लेची बारीकी वाढवून चित्र बदलतं का ते पाहावं. बदललं तर दोष त्रिकोणांचा.

आणि बेअरिंग. ६२०५ मध्ये साधारणपणे ९ बॉल असतात, म्हणजे दर ४० अंशांवर एक. प्रतल वरच्या बॉलच्या मध्यातून गेलं तर खाली ते नेमकं दोन बॉलच्या मधल्या फटीतून जातं. छेदात वर बॉल आणि खाली रिकामी जागा. ड्रॉईंगच्या सवयीचा डोळा लगेच ‘बॉल राहिला’ म्हणतो, कारण कागदावर दोन्ही बाजूंना बॉल काढायची रीत होती. दोन्ही हवेच असतील तर एका सपाट प्रतलाऐवजी अक्षावर १६० अंशांत मिळणारी दोन अर्धी प्रतलं लावावीत.

शाफ्ट आणि बोल्ट सेक्शनमधून वगळण्याची सोय बहुतेक पॅकेजेसमध्ये भागांची यादी निवडून मिळते. कास्टिंगच्या रिबला, म्हणजे मजबुतीसाठी सोबतच ओतलेल्या पातळ पट्टीला, मात्र ती लागू पडत नाही. रिब हा वेगळा भाग नसतो, त्यामुळे छेद रिबच्या लांबीतून गेला की पातळ रिब भरीव पाचरीसारखी रंगते आणि कास्टिंग आहे त्यापेक्षा जाड वाटतं. प्रतल रिबच्या जाडीच्या जरासं बाहेर सरकवलं की भिंतीची खरी जाडी कळते. छापायच्या ड्रॉईंगवर ते हॅचिंग बऱ्याचदा हातानेच पुसावं लागतं.